लोणा (भिंतीवरील क्षारथर)

लोणा म्हणजे विटा, दगड, गिलावा किंवा काँक्रीट यांच्या पृष्ठभागावर साचणारा, पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांचा पांढरा थर होय. बोलीभाषेत याला भिंतीला लोणा लागणे, खार फुटणे किंवा मीठ फुटणे असे म्हणतात. रसायनशास्त्रात उत्फुल्लन ही संज्ञा वापरली जाते. भिंतीतील पाणी क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे नेते, तेथे पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. लोणा दिसतो भिंतीवर, पण त्याचे मूळ पाण्याच्या वाटेत असते. ही वाट बंद केल्याशिवाय केलेली स्वच्छता किंवा रंगकाम टिकत नाही.

समुद्र आणि खाडीलगतच्या वस्त्यांत हा दोष विशेष आढळतो. ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर हे शहर त्याचे ठळक उदाहरण आहे. शहराच्या पश्चिमेस अरबी समुद्र व उत्तरेस वसईची खाडी असून मधल्या सखल भागात मिठागरे पसरलेली आहेत. या लेखात लोण्याची कारणे, निदान आणि उपाय मुख्यतः अशा किनारी परिसराच्या संदर्भात दिले आहेत.

## निर्मितीची प्रक्रिया

लोणा तयार होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विरघळू शकणारे क्षार, त्यांना वाहून नेणारे पाणी आणि त्या पाण्याची वाफ होऊ शकेल असा पृष्ठभाग. तिन्हींपैकी एक जरी नसेल, तरी लोणा धरत नाही. क्षार असलेली वीट कायम कोरडी राहिली तर ती स्वच्छ दिसते. सतत पाण्याखाली असलेल्या भिंतीच्या भागावरही लोणा नसतो. तो पाण्याच्या रेषेच्या वर, जेथे भिंत वाळते तेथे फुटतो.

वीट आणि मसाला हे सच्छिद्र पदार्थ आहेत. त्यांतील सूक्ष्म छिद्रे केशनलिकांसारखी वागतात आणि पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर ओढतात. जमिनीतून असे चढणारे पाणी वाटेत बाष्पीभवनाने कमी होत जाते. चढणारे पाणी व उडून जाणारे पाणी यांचे प्रमाण जेथे समान होते, तेथे ओल थांबते. विटांच्या भिंतीत ही उंची बहुधा जमिनीपासून एक मीटरच्या आसपास असते. क्षारांचा सर्वांत दाट पट्टा याच सीमेवर, ओलसर भागाच्या वरच्या कडेला दिसतो.

मिठागरात हीच प्रक्रिया आडव्या पातळीवर मुद्दाम घडवून आणली जाते. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात, ऊन व वारा यांनी ते आटते आणि मीठ उरते. खाऱ्या जमिनीवरील ओलसर भिंत हे एका अर्थी उभे मिठागरच असते. दोन्हींचा हंगामही एकच आहे: पावसाळा संपल्यावर सुरू होणारे कोरडे महिने.

बाष्पीभवन कोठे होते यावर हानीचे स्वरूप ठरते. भिंत सावकाश वाळत असेल आणि पाणी पृष्ठभागापर्यंत पोहोचत असेल, तर क्षार बाहेर फुलतात. तेव्हा भिंत कुरूप दिसते, पण फारशी झिजत नाही. वाळण्याचा वेग जास्त असेल किंवा पृष्ठभागावर वाफ न जाऊ देणाऱ्या रंगाचा पापुद्रा असेल, तर स्फटिक पृष्ठभागाच्या काही मिलिमीटर आतच तयार होतात. वाढणारे स्फटिक छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात. त्यामुळे रंगाला फोड येतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि विटेचा भुगा होऊ लागतो. बाहेर दिसणाऱ्या पांढऱ्या थरापेक्षा हा आतला लोणा अधिक विध्वंसक असतो.

## क्षारांचे प्रकार व उगम

सोडियम क्लोराइड म्हणजे साधे मीठ. किनारी भागात हे मुख्यतः खारट भूजल, खाडीची न धुतलेली रेती आणि समुद्रावरून येणारे वारे यांतून भिंतीत येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीलगतचे भूजल त्यापेक्षा सौम्य असले, तरी गोड्या पाण्याच्या तुलनेत बरेच खारट असू शकते.

सल्फेट क्षार बहुधा विटेतूनच येतात. मातीत चुन्याचे अंश असतील आणि भट्टीत गंधकयुक्त कोळसा जाळला जात असेल, तर भाजताना कॅल्शियम सल्फेट तयार होते. कमी भाजलेल्या विटेत असे क्षार अधिक उरतात. सिमेंटमधील अल्कली क्षारांपासून सोडियम व पोटॅशियम सल्फेट तयार होतात. यांतील सोडियम सल्फेट विशेष घातक आहे. सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या खाली त्याचा स्फटिक दहा रेणू पाणी धरू शकतो आणि तसे झाल्यावर त्याचे आकारमान निर्जल रूपाच्या चौपटीहून अधिक होते.

कॅल्शियम कार्बोनेट हा वरील दोन्हींहून वेगळा प्रकार आहे. सिमेंट किंवा चुन्यातील विरघळलेला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याची अभिक्रिया होते:

Ca(OH)₂ + CO₂ → CaCO₃ + H₂O

हा थर कडक असतो व पाण्याने निघत नाही. गळणाऱ्या गच्चीच्या किंवा सज्जाच्या खालच्या बाजूस लोंबणारी पांढरी टोके याच पदार्थाची असतात. त्याला सैल अर्थाने लोणा म्हटले जात असले, तरी त्यावरचा उपाय वेगळा आहे.

नव्या बांधकामावर पहिल्या एक-दोन कोरड्या ऋतूंत दिसणारा लोणा हा विटा, मसाला आणि बांधकामावर मारलेले पाणी यांतील मर्यादित क्षारांमुळे येतो. ते क्षार संपले की तो थांबतो. त्यानंतरही दरवर्षी येणारा लोणा म्हणजे भिंतीला बाहेरून पाण्याचा व बहुधा क्षारांचाही पुरवठा होत असल्याचे लक्षण आहे.

## किनारी हवामान आणि ऋतुचक्र

कोकण किनाऱ्यावर लोणा वर्षभर सारखा दिसत नाही. दिवाळीनंतर भिंती पांढऱ्या होऊ लागतात, उन्हाळ्यात थर दाट होतो आणि जूनमध्ये पाऊस सुरू होताच तो नाहीसा होतो. त्याच्या जागी भिंत काळपट व ओली दिसू लागते. लोणा गेला आणि आता गळती सुरू झाली, असा समज त्यामुळे होतो. प्रत्यक्षात दोन्ही अवस्था एकाच मिठाच्या आहेत.

हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतील बाष्प शोषून चिघळते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओले होते, तसेच भिंतीतले मीठही होते. जुलै-ऑगस्टमध्ये मिरा-भाईंदरमधील आर्द्रता बहुतेक वेळ या मर्यादेच्या वर असते. त्यामुळे मीठ मुरलेली भिंत कोणतीही नळगळती नसतानाही ओलसर राहते. आर्द्रता कमी झाली की तेच मीठ पुन्हा स्फटिकरूप घेते.

ही मर्यादा केवळ ऋतू बदलताना ओलांडली जाते असे नाही. हिवाळ्यात किनाऱ्यावरील रात्र दमट आणि दुपार कोरडी असते. अशा वेळी मीठ रात्री विरघळते आणि दुपारी पुन्हा गोठते. प्रत्येक फेऱ्यात छिद्रांवर नवा दाब येतो. त्यामुळे भिंतीत नव्याने क्षार आले नाहीत, तरी आधी साचलेले मीठच गिलावा झिजवत राहते.

या ऋतुचक्रातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. केवळ पावसाळ्यातील ओलाव्यावरून गळतीचे निदान करू नये. तसेच पावसाळ्यात लोणा दिसत नाही म्हणून त्या काळात रंगकाम उरकू नये, कारण तेव्हा मीठ द्रवरूपात भिंतीतच असते.

## निदान

प्रथम तो थर लोणाच आहे का, हे तपासावे लागते. थोडी भुकटी पाण्यात टाकल्यास क्लोराइड व बहुतेक अल्कली सल्फेट विरघळतात. पाण्यात न विरघळणारी भुकटी सौम्य आम्लात फसफसून विरघळली, तर ती कॅल्शियम कार्बोनेटची असते. बुरशी यांपैकी कशातच विरघळत नाही, तिला कुबट वास असतो व ती दमट कोपऱ्यांत ठिपक्यांनी वाढते. प्रयोगशाळेत क्लोराइड ओळखण्यासाठी भुकटीच्या द्रावणात नायट्रिक आम्लाचे व नंतर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. क्लोराइड असल्यास पांढरा, दह्यासारखा साका तयार होतो.

पाणी कोठून येते, हे डागाच्या आकारावरून बऱ्याच अंशी कळते.

* जमिनीपासून सुरू होऊन सुमारे एक मीटरवर आडव्या पट्ट्यात थांबणारा लोणा जमिनीतून चढणारी ओल दाखवतो.
* न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवरील, वेड्यावाकड्या कडेचा डाग नळजोड किंवा लाद्यांच्या सांध्यांतील गळतीचा असतो.
* खिडकीच्या खाली, कठड्याजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीवर उमटणारा डाग बहुधा पावसाच्या झडीचा असतो.

ओल भिंतीच्या आतून येते की खोलीतील हवेतून, हे पाहण्यासाठी कोरड्या ऋतूत भिंतीवर सुमारे अर्धा मीटर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी घट्ट चिकटवून दोन-तीन दिवस ठेवतात. कागदाच्या मागे दव साचले तर पाणी भिंतीतून येत आहे. पुढच्या बाजूस साचले तर ते खोलीतील बाष्पाचे आहे. ओल मोजण्याची विजेवर चालणारी हातातली यंत्रे क्षारयुक्त भिंतीवर फसवतात, कारण क्षारांमुळे वीजवहन वाढते आणि आकडा वास्तवापेक्षा मोठा येतो.

काँक्रीटच्या खांबावर किंवा तुळईवर पांढऱ्या थराबरोबर तांबूस डाग अथवा सळईच्या दिशेने जाणारी भेग दिसली, तर तो केवळ लोण्याचा प्रश्न राहत नाही. क्लोराइड सळईपर्यंत पोहोचून ती गंजत असल्याचे ते चिन्ह असू शकते आणि संरचना अभियंत्याकडून तपासणी आवश्यक ठरते.

## विटेची चाचणी

विटांतील क्षारांची चाचणी भारतीय मानक आयएस ३४९५ मध्ये दिली आहे. उथळ भांड्यात वीट उभी ठेवून तिचे टोक २५ मिलिमीटर बुडेल इतके ऊर्ध्वपातित पाणी घालतात. २० ते ३० अंश सेल्सियस तापमानाच्या, हवा खेळत्या खोलीत सर्व पाणी शोषले जाऊन त्याची वाफ होऊ देतात. नंतर तितकेच पाणी पुन्हा घालून ते आटल्यावर निरीक्षण करतात. क्षारथर दिसलाच नाही तर शेरा ‘नाही’ असा असतो. पृष्ठभागाच्या १० टक्क्यांपर्यंत पातळ थर असल्यास ‘किंचित’, ५० टक्क्यांपर्यंत असल्यास ‘मध्यम’ आणि त्याहून अधिक असल्यास ‘दाट’ मानतात. थराबरोबर विटेचा भुगा होऊ लागला किंवा पापुद्रे सुटू लागले, तर ती ‘गंभीर’ अवस्था होय.

आयएस १०७७ या मानकानुसार सामान्य विटांमध्ये हे प्रमाण ‘मध्यम’पेक्षा अधिक नसावे, अधिक बलाच्या वर्गातील विटांसाठी मर्यादा ‘किंचित’ अशी आहे. या चाचणीने विटेतील मूळचे क्षार कळतात. भूजलातून नंतर येणाऱ्या मिठाविषयी ती काहीच सांगत नाही. चाचणीत उत्तम ठरलेल्या विटेलाही खाऱ्या जमिनीवर लोणा लागू शकतो.

## उदाहरण: खाडीजवळील तळमजल्याची भिंत

भाईंदरच्या सखल भागातील जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आढळणारी नमुन्याची स्थिती पुढीलप्रमाणे मांडता येते. भिंत विटांची, २३० मिलिमीटर जाडीची व तीन मीटर लांब आहे. लोण्याचा पट्टा जमिनीपासून एक मीटर उंचीपर्यंत आहे. आतील बाजूस सिमेंटचा गिलावा व त्यावर प्लास्टिक इमल्शन रंग आहे. दर दोन वर्षांनी पोपडे खरवडून, पुट्टी भरून रंग दिला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो पुन्हा फुगतो.

समजा, या तीन चौरस मीटर भागातून रोज अर्धा लिटर पाण्याची वाफ होते आणि चढणाऱ्या पाण्यात दर लिटरमागे ५ ग्रॅम क्षार आहेत. मग रोज २.५ ग्रॅम क्षार भिंतीत उरतात. आठ कोरड्या महिन्यांत, म्हणजे सुमारे २४० दिवसांत, ही भर ६०० ग्रॅम होते. खरवडताना निघणारी भुकटी त्याचा लहानसा भाग असते. त्यामुळे केवळ घासून भिंत क्षारमुक्त होत नाही, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

अशा इमारतीत पाणी शिरण्याचे कारण अनेकदा बाहेर सापडते. जोत्याच्या पातळीवर घातलेला ओलप्रतिबंधक थर जमिनीच्या वर असेल तरच उपयोगी पडतो. रस्ता व आवार यांवर वेळोवेळी भर पडून त्यांची पातळी जोत्याच्या वर गेली, तर ओल्या मातीचा स्पर्श थेट त्या थराच्या वरच्या भिंतीला होतो. बाहेरचा गिलावा जमिनीपर्यंत उतरवला असेल, तर तोही पाण्याला वर नेणारा पूल ठरतो. घरातील मालक आतल्या भिंतीवर खर्च करत राहतो आणि दोष आवारातच राहतो. तळमजल्याचे दुखणे त्यामुळे एका सदनिकेचे न राहता संपूर्ण सोसायटीच्या निर्णयाचा विषय बनते.

## उपाय

### पाण्याची वाट बंद करणे

वरील उदाहरणात पहिले काम बाहेरचे आहे. भिंतीलगतची भर काढून जमीन ओलप्रतिबंधक थराच्या किमान १५० मिलिमीटर खाली न्यावी आणि पाणी इमारतीपासून दूर वाहील असा उतार द्यावा. जमीन खाली नेणे शक्य नसल्यास भिंतीलगत पाण्याचा निचरा करणारा चर काढतात. मूळ थर नसेल किंवा निकामी झाला असेल, तर जोत्याजवळील मसाल्याच्या सांध्यात सुमारे १०० ते १२० मिलिमीटर अंतराने आडवी भोके पाडून त्यांत सिलेन-सिलोक्सेन वर्गातील जलरोधी मलई भरतात. ती छिद्रांत पसरून केशाकर्षण रोखते. भिंत पोकळ किंवा भेगाळलेली असेल, तर मलई सलग पसरत नाही व ओल उरलेल्या फटीतून चढत राहते.

### क्षार काढणे

विरघळणारा लोणा कोरड्या ऋतूत, कोरड्या व मऊ कुंच्याने झाडावा. भुकटी कागदावर गोळा करून बाहेर टाकावी. ती भिंतीच्या पायथ्याशी राहिली तर पुन्हा विरघळून भिंतीत जाते. भरपूर पाण्याने भिंत धुणे अयोग्य आहे, कारण त्यामुळे मीठ विरघळून आत ढकलले जाते. शेवटी पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून ते फडके वारंवार स्वच्छ पाण्यात धुवावे.

खोलवर मुरलेले क्षार काढण्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा एक ते दोन सेंटिमीटर जाडीने भिंतीवर थापतात. लगद्यातील पाणी आत शिरून क्षार विरघळवते आणि लगदा वाळताना ते क्षार त्यात ओढले जातात. वाळलेला लगदा काढून ही क्रिया अनेकदा करावी लागते. महाबलिपुरम येथील समुद्रकाठच्या मंदिराच्या जतनासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ही पद्धत वापरली आहे. मौल्यवान दगडी कामासाठी ती योग्य आहे. घराच्या भिंतीत मात्र खारावलेला गिलावा काढून टाकणे अधिक सोपे पडते.

आम्लाचा उपयोग केवळ कॅल्शियम कार्बोनेटच्या कडक थरासाठी करतात. भिंत आधी भिजवून, एक भाग हायड्रोक्लोरिक आम्ल दहा ते वीस भाग पाण्यात मिसळून लावतात व लगेच स्वच्छ पाण्याने धुतात. नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. हातमोजे व डोळ्यांचे संरक्षण आवश्यक आहे. मिठाच्या लोण्यावर हे आम्ल निरुपयोगी तर आहेच, शिवाय ते नवे क्लोराइड भिंतीत घालते. सळया असलेल्या काँक्रीटवर ते वापरू नये.

### गिलावा व रंग

खारावलेला गिलावा दिसणाऱ्या पट्ट्याच्या वर आणखी ३०० ते ४५० मिलिमीटरपर्यंत फोडून काढतात आणि विटांमधील सांधे सुमारे १५ मिलिमीटर खोल कोरतात. नंतर भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी लागते. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक महिना हा स्थूल ठोकताळा धरल्यास २३० मिलिमीटरच्या भिंतीला सुमारे नऊ महिने लागतात. राहत्या घरात इतका काळ मिळणे अवघड असते. तरीही पावसाळा संपताच गिलावा काढून पुढील पावसाळ्यापूर्वी नवा करणे, इतपत नियोजन करता येते.

नवा गिलावा घट्ट सिमेंटचा नसावा. एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग धुतलेली गोडी रेती असे मिश्रण किंवा केवळ चुन्याचा गिलावा वाफेला वाट देतो. त्यावर चुन्याची सफेदी किंवा वाफ जाऊ देणारा खनिज रंग द्यावा. उरलेले क्षार या गिलाव्यात येऊन साचतात आणि काही वर्षांनी तो बदलावा लागतो. विटेऐवजी गिलावा झिजावा हाच त्याचा हेतू असतो.

तेलरंग, जलरोधी लेप, लाद्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या लावून लोणा झाकणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत हानिकारक उपाय आहे. एका बाजूची वाफ अडल्याने पाणी आणखी वर चढते किंवा पलीकडच्या खोलीत फुटते आणि झाकलेल्या भागात क्षार पृष्ठभागाखाली साचतात. काही काळ भिंत स्वच्छ दिसते. नंतर लेपासकट विटेचा पापुद्रा सुटून येतो.

## प्रतिबंध

नव्या बांधकामात चांगल्या भाजलेल्या विटा, गोड्या पाण्याने धुतलेली रेती आणि गोडे पाणी वापरणे हा मूलभूत उपाय आहे. आयएस ४५६ : २००० नुसार सळयांच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण दर लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. खाडीलगतच्या कूपनलिकेचे पाणी चवीला फारसे खारट न लागताही ही मर्यादा ओलांडू शकते, म्हणून त्याची तपासणी करून घेणे योग्य ठरते. भिंतीवर मारायच्या पाण्यासाठीही हीच काळजी घ्यावी लागते. विटांचे ढीग थेट खाऱ्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचून झाकावेत, कारण बांधकामापूर्वीच विटा जमिनीतील मीठ शोषू शकतात.

जोत्याचा ओलप्रतिबंधक थर सलग असणे आणि भविष्यात रस्त्याची उंची वाढेल हे गृहीत धरून जोते पुरेसे उंच ठेवणे, या दोन गोष्टी बांधतानाच साधाव्या लागतात. इमारत उभी राहिल्यावर जमिनीतील मीठ कमी करता येत नाही. भिंतीपर्यंत येणारे पाणी तेवढे अडवता येते.